घरचं लाकूड फुकट नसतं

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर शोरूम असलेल्या कुठल्याही मालकाला विचारा, भिंतीला लावलेले हे रॅक हिशोबात कुठे दाखवलेत? बहुतेक जण हसून सांगतील, "दाखवायचं काय त्यात? प्लाय आपला, मिस्त्री आपले. खर्च आलाच कुठे?" हे उत्तर एखाद्या मालकानं दिलं तर समजू शकतं. पण गेल्या काही वर्षांत हेच उत्तर त्यांचे हिशोबनीस आणि करसल्लागारही देऊ लागले आहेत, तेही जरा विद्वत्तेचा मुलामा चढवून. त्यांचा युक्तिवाद असा: रॅकसाठी बाहेर वेगळा पैसा गेलेला नाही. प्लाय आधीच खरेदीत नोंदलेला होता. कारागिरांचा पगार तर मंदीतही द्यायचाच होता. सबब वेगळी मालमत्ता उभी राहिलेली नाही, जे झालं ते चालू खर्चात राहू द्यावं.

हा युक्तिवाद चुकीचा आहे. तो केवळ नियमात बसत नाही एवढंच नाही, तो ज्या धंद्यासाठी केला जातो त्याच धंद्याला फसवतो.

आधी आकडे समोर ठेवतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आकडे नमुन्याचे आहेत, पण कुठल्याही वर्कशॉपच्या मुकादमाला ओळखीचे वाटतील. समजा वसईला वर्कशॉप आहे आणि अंधेरीच्या लिंक रोडला भाड्यानं घेतलेलं शोरूम. शोरूमच्या 24 फूट भिंतीसाठी सहा रॅक करायचे आहेत, प्रत्येकी 4 फूट रुंद, 8 फूट उंच, जवळपास फूटभर खोल. एका रॅकला 8 फुटी दोन उभ्या बाजू आणि 4 फुटी सहा फळ्या लागतात, म्हणजे 8 फुटी पाच पट्ट्या. 8 बाय 4 च्या 19 मिलिमीटर शीटमधून अशा चार पट्ट्या निघतात. करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खातं, म्हणून खोली बरोबर फूटभर न ठेवता किंचित कमी धरावी लागते. ती तशी धरली नाही तर शीटमागे चौथी पट्टी हातची जाते. सहा रॅकच्या 30 पट्ट्या, म्हणजे साडेसात शीट, म्हणजे व्यवहारात आठ.

आठ शीट 3,000 रुपयांनी 24,000 रुपये. पाठीला 6 मिलिमीटरचे सहा शीट, 9,000. दोन्ही अंगांना आणि पाठीच्या दर्शनी बाजूला मिळून सनमाइकाचे 22 शीट, 22,000. एजबँड, फेविकॉल, स्क्रू, ब्रॅकेट असा किरकोळ माल 8,500. एकूण माल 63,500 रुपयांचा. चार माणसं पाच दिवस, पीएफ-बोनस धरून माणशी रोज 1,100, म्हणजे मजुरी 22,000. वर्कशॉपचं भाडं, वीज, मशिनचा घसारा, मुकादमाचा पगार यातला वाटा 12,000. टेम्पो आणि जागेवरची फिटिंग 4,000. सगळं मिळून 1,01,500 रुपये. असेच सहा रॅक एखाद्या कापडवाल्यानं मागितले असते तर याच वर्कशॉपनं ते जीएसटी सोडून 1,60,000 ला दिले असते, असंही धरू.

आता 'चालू खर्चात राहू द्या' म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न. हा 1,01,500 मधला टेम्पो सोडून उरलेला 97,500 रुपयांचा माल आणि श्रम तुमच्या वह्यांमध्ये नेमका कुठे गेला? 'रॅक' नावाचं खातं तुम्ही उघडलेलं नाही. वर्कशॉपच्या एकूण मालात आणि मजुरीत तो मिसळून गेला. महिन्याअखेरीस तुम्ही एकूण खर्चाला तयार नगांनी भागता. त्या मंदीच्या महिन्यात 60 कपाटं तयार झाली असतील तर प्रत्येक कपाटाच्या माथी रॅकचे 1,625 रुपये बसले. कपाट तर तेच, तेवढ्याच प्लायचं. पण कागदावर ते महाग झालं. मग हिशोबनीस मालकाला सांगतो की कपाटात सुटत नाही, भाव वाढवा. शेजारचा दुकानदार भाव वाढवत नाही आणि गिऱ्हाईक तिकडे जातं.

याच्या पुढची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्या 60 कपाटांपैकी 15 जर 31 मार्चला गोदामात न विकता पडून असतील, तर त्यांच्यासोबत रॅकचे 24,375 रुपये शिल्लक मालाच्या किमतीत जाऊन बसतात. म्हणजे ज्यांनी 'सगळं खर्चात टाका' म्हटलं, त्यांच्या हातून ते सगळं खर्चातही पडलेलं नाही. पाव हिस्सा रकमेची मालमत्ताच झाली, फक्त चुकीच्या नावाची. भिंतीवर दिसणारे रॅक वहीत नाहीत आणि वहीत दिसणारं लाकूड कपाटात नाही.

हे घडलंय हे ओळखायला ऑडिटरची गरज नसते. रॅक बनवले त्या महिन्यात दर कपाटामागे प्लायचा खप अचानक वाढलेला दिसतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खाली येतो. मोजणीच्या वेळी सनमाइकाचे शीट कमी भरतात आणि संशय स्टोअरकीपरवर जातो. बिचारा स्टोअरकीपर सांगत राहतो की शीट शोरूमला गेले, पण त्याच्याकडे स्लिप नसते, कारण 'घरच्या कामाला' स्लिप कोण फाडतो?

दुसरा मुद्दा पगाराचा, आणि हा मला खरोखर उत्तर द्यावा असा वाटतो, कारण वरवर तो पटतो. दिवाळी उलटली की ऑर्डरी थंडावतात. कारागीर बसून आहेत, त्यांना पगार तर द्यायचाच आहे. मग त्यांच्याकडून रॅक करून घेतले तर जादा खर्च शून्य, असं म्हणतात. जादा रोकड शून्य हे खरं. पण रॅकची किंमत आणि जादा गेलेली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच कारागिरांनी याच पाच दिवसांत गिऱ्हाईकाचा पलंग केला असता, तर त्यांची मजुरी पलंगाच्या किमतीत धरायला कुणाचीही हरकत नव्हती. तेव्हा कुणी म्हणत नाही की पगार तर द्यायचाच होता, पलंगाला मजुरी शून्य. वस्तू गिऱ्हाईकाकडे गेली की मजुरी मोजायची आणि आपल्याच भिंतीला लागली की विसरायची, याला हिशोब म्हणत नाहीत.

लेखा मानकं याबाबत सरळ आहेत. छोट्या-मध्यम कंपन्यांसाठीचं एएस 10, 2016 साली सुधारलेलं, आणि मोठ्या कंपन्यांसाठीचं इंड एएस 16, दोन्हींचा आशय एकच आहे: स्वतः बांधलेल्या मालमत्तेची किंमत विकत घेतलेल्या मालमत्तेच्याच तत्त्वानं ठरवायची, आणि तशीच वस्तू तुम्ही विक्रीसाठी बनवत असाल तर साधारणपणे विक्रीच्या मालाचा जो उत्पादनखर्च, तोच धरायचा. आतल्या आत दाखवलेला नफा वजा करायचा आणि माल, मजुरी यांची असाधारण नासाडी किमतीत घ्यायची नाही. एएस 2 नं तयार कपाटाचा खर्च जसा मोजता, तसाच रॅकचा मोजा.

'असाधारण नासाडी' हा शब्द मात्र सोडून पुढे जाऊ नका. भांडवली खर्चात टाकणारी मंडळी नेमकी इथेच हात सैल सोडतात. वरच्या उदाहरणात प्लायचे आठ शीट लागले, पण स्टोअरमधून नऊ गेले होते असं समजा. नववा कसा गेला? शोरूमच्या छताखाली एक बीम आहे, तिथे उंची 8 फूट भरत नाही, आणि मिस्त्रीनं माप वर्कशॉपमध्ये बसून घेतलं. दोन बाजू चुकल्या, पुन्हा कापल्या. हे 3,000 रुपये रॅकची किंमत नाहीत, ती चूक आहे, आणि चुकीची जागा नफा-तोटा पत्रकात. तसंच हजेरीवर 20 ऐवजी 24 मनुष्यदिवस दिसत असतील, कारण सनमाइका उशिरा आला आणि चौघं एक दिवस बसून राहिले, तर तो एक दिवस, 4,400 रुपये, रॅकमध्ये धरायचा नाही. बसलेल्या माणसाची मजुरी काम करणाऱ्या माणसाच्या मजुरीत मिसळली की मालमत्ता फुगते. पगारवाल्यांच्या युक्तिवादात सत्याचा जो कण आहे तो इथे आहे, आणि इथेच तो संपतो.

वर्कशॉपच्या वरकड खर्चाचंही तसंच. महिन्याचा हा खर्च 3,60,000 आणि नेहमीची क्षमता 600 मनुष्यदिवस, तर एका दिवसाला 600 रुपये आणि 20 दिवसांना 12,000. मंदीत फक्त 400 दिवसांचं काम झालं म्हणून कुणी 900 चा दर लावून 18,000 धरेल, तर ते 6,000 रुपये मंदीचे आहेत, रॅकचे नाहीत. मुख्य कार्यालयाचा पगार, जाहिरात, ऑडिटरची फी यातलं तर काहीच आत येत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो. या टोकाला जे उभे आहेत त्यांना रॅक मालमत्तेत हवेतच, पण 1,60,000 ला. बँकेला ताळेबंद दाखवायचा असतो ना! "बाहेरून घेतले असते तर एवढेच पडले असते," असं ते म्हणतात. बरोबर आहे, पडले असते. पण घेतले नाहीत. मधले 58,500 रुपये तुम्ही कुणाकडून कमावले? शोरूमकडून? शोरूम तर तुमचंच.

या प्रश्नाला मुंबईनं फार जुनं उत्तर देऊन ठेवलंय. सर किकाभाई प्रेमचंद हे इथले चांदी आणि शेअर्सचे व्यापारी. त्यांनी धंद्यातल्या काही चांदीच्या लगडी आणि शेअर्स काढून ट्रस्टकडे दिले आणि वहीत ते खरेदीच्या भावानं कमी केले. बाजारभाव तेव्हा वर गेलेला होता. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं, बाजारभाव धरा, मधला नफा कराला आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर 1953 मध्ये बहुमतानं निकाल लागला: माणूस स्वतःशी व्यापार करून नफा कमावू शकत नाही, खरेदीभाव बरोबर आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी वेगळं मत दिलं, हेही सांगायला हवं. दोन वर्षांनी, 1955 मध्ये, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं लेडी वर्नर यांच्या घोड्यांच्या प्रकरणात नेमका उलटा कौल दिला. पैदाशीच्या फार्मवरचे घोडे मालकिणीनं शर्यतीच्या हौसेसाठी नेले, तर बाजारभाव धरा, असं तिथलं मत पडलं. आपल्याकडे किकाभाईंचा कौल टिकला.

पण पूर्ण टिकला का? इथे बहुतेक सल्लागार गाफील असतात. 2018 च्या वित्त कायद्यानं 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 28 मध्ये पोटकलम (via) घातलं. विक्रीचा माल भांडवली मालमत्तेत बदलला, तर बदलाच्या दिवशीचा त्याचा रास्त बाजारभाव धंद्याचं उत्पन्न धरायचा, आणि मग तोच भाव घसाऱ्यासाठी मालमत्तेची किंमत. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून आपल्या सीएकडून आजची तरतूद तपासून घ्या.

आपल्या रॅकच्या दृष्टीनं याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. विक्रीसाठी बनवून गोदामात ठेवलेले तयार रॅक उचलून तुम्ही शोरूमला लावले, तर तो विक्रीच्या मालाचा बदल झाला, आणि 58,500 रुपयांचा नफा कराच्या हिशोबात तुमच्या गळ्यात पडू शकतो, वहीत तो दाखवायचा नसला तरी. याउलट पहिल्या दिवसापासून 'शोरूमचे रॅक' असं जॉब कार्ड काढून कच्च्या प्लायपासून ते बनवले, तर तयार मालाचं रूपांतर झालंच नाही. फार तर प्लायचं झालं, आणि प्लायचा बाजारभाव नि खरेदीभाव यांत फरक असून असून किती असणार? म्हणजे तेच लाकूड, तेच मिस्त्री, तीच भिंत, आणि फरक पडतो तो एका कागदावरच्या तारखेनं. ज्यांना जॉब कार्ड म्हणजे मोठ्या कारखान्यांची चैन वाटते, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

खर्चवाल्यांचं खरं कारण अर्थात यापेक्षा सरळ आहे: कर. ते उघड बोलत नाहीत, पण बोलूया. भागीदारी संस्थेला 31.2 टक्क्यांनी 1,01,500 चा पूर्ण खर्च मिळाला तर कर सुमारे 31,700 रुपयांनी कमी होतो. मालमत्ता धरली तर फर्निचरवर घसारा 10 टक्के, पहिल्या वर्षी 10,150, आणि कर वाचतो जेमतेम 3,200. रॅक ऑक्टोबरनंतर लागले आणि वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्याच्याही निम्मा. हा मोह मी समजतो. पण हा वाचलेला कर नव्हे, पुढे ढकललेला कर आहे; राहिलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतोच. आणि तपासणीत अधिकाऱ्यानं भांडवली खर्च म्हणून तो नामंजूर केला, तर कर, व्याज आणि उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्या कराच्या 50 टक्के दंड, असा हिशोब होऊ शकतो. शोरूमच्या भिंतीवर उभे असलेले सहा रॅक अधिकाऱ्याला नुसते डोळ्यांनी दिसतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य मिळवण्याचा हा प्रकार आहे, आणि इथे हलवाई म्हणजे पुढच्या वर्षीचे तुम्हीच.

जीएसटीबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे वाद वेगळा आहे. प्लायवर भरलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट तुम्ही घेतलेलं असतं, म्हणून तो कर रॅकच्या किमतीत पुन्हा मिळवू नका. कराच्या रकमेवर घसारा घेतलात की क्रेडिट गेलं, असं कलम 16(3) सांगतं. वर 3,000 चा शीट धरला तो करविरहितच. आणि रॅक भिंतीला स्क्रूनं लावा, जेणेकरून शोरूम सोडताना काढून नेता येतील. भिंतीत चिणून बांधलेल्या कोनाड्यासारखं काम केलं आणि ते इमारतीच्या खात्यात भांडवली म्हणून टाकलं, तर कलम 17(5) खाली क्रेडिट अडकण्याचा वाद ओढवून घ्याल. तिथे नूतनीकरण आणि भर हे शब्द 'जेवढं भांडवली केलं तेवढं' या अटीसकट लिहिलेले आहेत.

काढून नेता येतील का, हा प्रश्न आयुष्य ठरवतानाही लागतो. कंपनी कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये फर्निचरचं आयुष्य साधारण 10 वर्षं आहे. उपनगरातल्या दुकानांचा भाडेकरार मात्र अनेकदा त्याहून बराच आखूड असतो. रॅक त्याच बीमखालच्या त्याच भिंतीसाठी कापलेले असतील आणि दुसरीकडे बसणार नसतील, तर कंपनीच्या वहीत 10 वर्षं धरून चालणार नाही. करार आणि त्याचं नूतनीकरण पाहून आयुष्य कमी धरा आणि कारण लिहून ठेवा.

दोन सवलती मात्र मी मनापासून देतो. एक, काऊंटरखाली लावलेली 800 रुपयांची एखादी फळी भांडवली करत बसू नका. मर्यादा ठरवा, लिहा आणि दरवर्षी तीच पाळा. दोन, शोरूममध्ये मांडलेला सोफा किंवा कपाट हे रॅक नव्हे. ते आज मांडलंय, सीझनअखेरीस सवलतीत विकायचंय. तो विक्रीचा मालच राहतो आणि डाग पडला, कडा गेली तर किंमत तेवढी खाली आणायची. मांडलेल्या मालाला फर्निचर म्हणून घसारा लावणारे हिशोबही या बाजारात निघतात. त्यांची गफलत खर्चवाल्यांइतकीच मोठी आहे, फक्त दिशा उलटी.

म्हणून शोरूमवाल्यांना माझी एवढीच विनंती: पुढच्या वेळी वर्कशॉपला 'घरचं काम' सांगाल तेव्हा पहिला शीट कापण्याआधी त्याचं जॉब कार्ड काढायला लावा, स्टोअरकीपरला प्रत्येक शीटची स्लिप फाडू द्या, आणि चौघांच्या हजेरीवर त्या कार्डाचा क्रमांक लिहा.